पूर्ण आवाजातले चार दिवस

माझ्या धाकट्या जावेच्या डोंबिवलीच्या घरात नऊ माणसं राहतात. शेजारशेजारच्या दोन सदनिका मधली भिंत पाडून जोडलेल्या, म्हणून घर तसं ऐसपैस. सासूबाई, दोन दीर, दोन जावा, मुलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थोरल्या पुतण्याचं लग्न झालं आणि नववं माणूस घरात आलं. नव्या जोडप्याला वेगळी खोली मिळाली. रंग दिला, नवा पलंग आणला, पडदे शिवले. सगळ्यांनी मनापासून केलं.

त्या खोलीत घरातलं मोठं लोखंडी कपाट होतं. सगळ्यांच्या ठेवणीतल्या साड्या, बँकेची पुस्तकं, सासूबाईंची औषधं, पाहुण्यांच्या चादरी त्यातच. सकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत कुणाला ना कुणाला त्या कपाटातलं काहीतरी लागायचं, आणि दाराला आतून कडी नव्हती. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माणसं दार ढकलून ‘आहात का गं?’ म्हणत आत यायची, हवं ते घ्यायची आणि जायची.

लग्नाला महिना झाल्यावर पुतण्या पुण्याला माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘काकू, आम्ही दोघं अजून कुजबुजतच बोलतो. तिचा आवाज नेहमीचा कसा आहे, ते मला नीट माहीत नाही.’’ हे ऐकल्यापासून नवविवाहितांच्या सहलीकडे बघायची माझी दृष्टी बदलली. आपण मधुचंद्र म्हटलं की दोनच गोष्टी धरतो, शृंगार आणि निसर्ग. त्या आहेतच. पण एकत्र कुटुंबातल्या जोडप्याला आधी हवी असते ती आवाज न दाबता बोलायची जागा. महिन्याला घरात किती द्यायचे, तिची नोकरी, मूल कधी, एकमेकांच्या न आवडणाऱ्या सवयी, हे कुजबुजत ठरत नाही. भांडायलासुद्धा खोली लागते. भिंतीपलीकडे सासूबाई जाग्या आहेत हे माहीत असलं की नवरा-बायको वाद घालत नाहीत, गप्प बसतात, आणि तो अबोला महिनोन्‌महिने साचतो.

‘आम्ही कुठे गेलो होतो?’ हा प्रश्न अशा वेळी घरात हमखास येतो. माझ्या सासूबाई गिरगावातल्या चाळीत लग्न होऊन आल्या. एक खोली, पुढे सामाईक गॅलरी, माणसं सात. त्या सांगतात, लग्नानंतर काही महिने सासरे आणि दीर वळकट्या घेऊन गॅलरीत झोपायला जायचे. त्यावर कुणी अवाक्षर बोलायचं नाही, ते ठरलेलंच होतं. १९७० साली राजा ठाकूर यांनी ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट काढला. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, हाच त्याचा विषय, आणि तो लोकांना इतका आपला वाटला की दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. म्हणजे ही अडचण मागच्या पिढीला ठाऊक होती आणि तिने तिच्या परीने वाटाही काढल्या होत्या. नवी सून आषाढात माहेरी जायची, दिवाळसणाला जावई सासुरवाडीला जायचा, वडीलधारी माणसं गॅलरीत झोपायची. आता दोघांनाही नोकरी, आषाढातलं माहेर शनिवार-रविवारपुरतं, आणि सोसायटीच्या इमारतीला गॅलरी नाही. जुन्या वाटा बुजल्या आहेत, म्हणून चार दिवस बाहेर जाण्याची गरज आज जास्त आहे.

तेव्हा जायचं, यात मला शंका नाही. वाद आहे तो कुठे, कधी आणि कसं, याचा. इथे बहुतेक जोडपी एकच चूक करतात. ती प्रेक्षणीय स्थळ निवडतात. निवडायला हवेत ते मोकळे तास.

पुतण्याने आधी हिमाचलची सहल ठरवत आणली होती. विमानाने चंदीगड, मग शिमला आणि मनाली, पाच रात्री, दोघांचे मिळून चाळीस हजारांच्या पुढे आणि तेही हप्त्यांनी. मी त्याला कागद घेऊन बसवलं. पहिल्या दिवशी विमान आणि मग शिमल्यापर्यंत चार तासांचा घाट. तिसरा दिवस शिमला ते मनाली, आठ तास कुठे गेले नाहीत, आणि फेब्रुवारीत बर्फ पडलं तर त्याहून जास्त. सहाव्या दिवशी मनालीहून पुन्हा चंदीगड, तेवढेच तास. म्हणजे सहांपैकी तीन दिवस गाडीत, पुढे ड्रायव्हर बसलेला. उरलेल्या तीन दिवसांत रोज सकाळी नऊला गाडी दारात, कारण त्या दिवसाची ठिकाणं छापील यादीत आहेत. घरच्या घड्याळातून सुटायला निघायचं आणि सहल कंपनीच्या घड्याळात सापडायचं. गटाने जाणाऱ्या सहलींत तर बसमध्येच नवं एकत्र कुटुंब भेटतं. प्रेमळ काका-काकू असतात, चौकशी करतात, सगळे एकत्र जेवायला बसतात. पन्नाशीतल्या जोडप्याला हे हवं असतं. या दोघांना नेमकं तेच नको होतं.

ज्यांना बर्फ बघायचंच आहे त्यांनी जरूर बघावं. दोनतीन वर्षांनी, पैसे साठवून. तेव्हा गाडीतले आठ तासही गोड लागतात, कारण बोलायचं काय ते माहीत असतं.

त्यांच्या हाती पंधरा हजार रुपये होते. आहेराच्या पाकिटांत त्याहून बरेच जास्त जमले होते, पण आमच्याकडे ते पैसे घराच्या खात्यात जातात, कारण त्यातला प्रत्येक आहेर पुढेमागे कुणाच्या तरी लग्नात घरालाच फेडायचा असतो. मला हे योग्य वाटतं. ही सहल आपल्या पगारातून करावी. घराच्या पैशाने केली की घराला तिचा हिशेब विचारता येतो. पंधरा हजारांत प्रवास शक्य तितका आखूड ठेवला तर मुक्काम लांब करता येतो. आठ तासांत पोचता येईल असं एकच ठिकाण, तिथे चार रात्री, मधेच दुसरीकडे हलायचं नाही. तीन रात्री कमी पडतात. त्याचं कारण पुढे येईल.

त्याच्या मनात आधी दापोली होती. पण दापोलीत माझ्या जावेची मावसबहीण राहते. गावात नातेवाईक असला की दर्शनासारखं एकदा जाऊन यावंच लागतं, एकदा गेलं की जेवायला थांबावं लागतं, जेवलं की दुसऱ्या दिवशी ते फिरवायला नेतात. नाही गेलं तर वर्षभर ते ऐकावं लागतं. कोकणात आपलं कुणी नाही असं गाव शोधणं बऱ्याच मराठी घरांना अवघड जातं, पण शोधावंच लागतं. गुहागरला आमचं कुणी नव्हतं. आमचं कुलदैवत जेजुरीचं, तिथे लग्नानंतर सतराजण गाडी करून जाऊन आलो होतो, पुतण्या रीतीप्रमाणे बायकोला उचलून पायऱ्या चढला होता. त्यामुळे देवाचं कर्ज बाकी नव्हतं.

तरीही गुहागर म्हणताच माझी जाऊ म्हणाली, ‘‘अगं, तिथे व्याडेश्वर आहे, दुर्गादेवी आहे, हेदवीचा दशभुजा गणपती आहे. आम्हीही येतो. मोठी गाडी केली तर स्वस्तच पडेल.’’ तिच्या मनात काही नव्हतं. आपल्या घरांत प्रवासाला देवाचं नाव दिलं की तो सगळ्यांचा होतो, आणि म्हणूनच या सहलीला देवदर्शनाचं पांघरूण घालू नये असं मी ठामपणे म्हणते. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण ‘आम्ही दोघं चार दिवस जातोय’ असंच सांगावं. आणि ते मुलाने सांगावं, सुनेने नाही. तिने विचारलं की ‘नवी सून आली आणि मुलाला घेऊन निघाली’ अशी गोष्ट तयार होते आणि ती तिच्या नावावर दहा वर्षं राहते. मुलाने आधी घरातल्या तारखा पाहाव्यात, म्हणजे कुणाचं श्राद्ध, कुणाची परीक्षा, डॉक्टरची ठरलेली वेळ. मग पंधरा दिवस आधी, तिकिटं काढून झाल्यावर, सगळे जेवायला बसलेले असताना सांगावं. परवानगी मागू नये आणि आदळआपटही करू नये. पुतण्याने तसंच केलं. आईचा चेहरा उतरला, दोन दिवस ती कमी बोलली. मग सासूबाईंनी गिरगावच्या गॅलरीची आठवण काढली आणि विषय संपला.

तारखांचं गणित मात्र नीट मांडावं लागतं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी निघणाऱ्यांची मला काळजी वाटते. अंगात पंधरा दिवसांचा शीण, मेंदी अजून हातावर, रजा लग्नातच संपलेली, एकमेकांची ओळख जुजबी. सहा ते दहा आठवड्यांनी गेलं तर शीण उतरलेला असतो, तोपर्यंतच्या पूजा आणि गोंधळ आटोपलेले असतात, आणि काय बोलायचं राहिलंय हे दोघांना नेमकं कळलेलं असतं. डिसेंबरच्या लग्नाला फेब्रुवारी छान सापडतो. बारावीची परीक्षा सुरू होते, दहावीची तोंडावर असते, त्यामुळे मुलाबाळांची कुटुंबं घराबाहेर पडत नाहीत. किनाऱ्यावरची गावं सोमवार ते शुक्रवार अगदी रिकामी असतात. हवा कोरडी आणि रात्री गार. नाताळात दुप्पट दराने गेलेल्या खोल्या या दिवसांत मालक फोनवरच कमी करून देतात. मे महिन्यात तेच गाव चाकरमान्यांनी भरलेलं असतं, गणपतीत तर तिकीटच मिळत नाही. फेब्रुवारीतही दोन गोष्टी बघायच्या. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी असते, तिला जोडून शनिवार-रविवार आला तर गर्दी होते. आणि महाशिवरात्र. गुहागरचा व्याडेश्वर शंकराचाच, त्या दिवसांत तिथे एकांत शोधायला जाऊ नये. उन्हाळ्यात लग्न झालेल्यांना हे जमणार नाही. त्यांनी पावसाळ्यात समुद्राचा नाद सोडून भंडारदरा, पन्हाळा, वऱ्हाडातल्यांनी चिखलदरा बघावं, पण आठवड्याच्या मधल्या वारीच. जुलैतल्या रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर नुसत्या गाड्या उभ्या असतात.

तारखा ठरवताना मुलीची पाळी कधी येते ते धरावं, आणि ते तिने नवऱ्याला सरळ सांगावं. लग्नात मुहूर्तासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतलेल्या असतात. या चार दिवसांसाठी पुन्हा त्या घ्यायची वेळ येऊ नये. मूल लगेच नको असेल तर साधन घरून निघतानाच जवळ असावं. लहान गावातल्या औषधाच्या दुकानात ते मागायला दोघंही लाजतात आणि मग दुसऱ्या दिवशी तातडीची गोळी शोधत फिरतात. ती अडीनडीची गोळी आहे, रोजची सोय नाही. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना आधीच्या महिन्यात भेटावं. त्या पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केल्या तर लगेच उपयोगी पडतात, नंतर कधी सुरू केल्या तर पुढचे सात दिवस दुसरं साधनही लागतं. आणखी एक त्रास नव्या नवरीला बऱ्याचदा होतो आणि तिला त्याबद्दल कुणी सांगितलेलं नसतं. लघवीला आग, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं. हा जंतुसंसर्ग असतो, लाजेचं त्यात काही नाही. पाणी भरपूर प्यावं, संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वरच्या बाजूला पाठ दुखू लागली तर थांबू नये, डॉक्टर गाठावा. गुहागरहून मोठी रुग्णालयं चिपळूणला, पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत. हे माझ्या पिढीतल्या बायकांनी आपल्या सुनांना सांगायला हवं होतं. आम्ही ते सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दोघांनी सोमवारी सकाळी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस धरली. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पण फेब्रुवारीतल्या सोमवारी तीन आठवडे आधीही जागा होती. मांडवीतलं खाणं कोकणात जाणाऱ्यांना माहीत आहे, डबा न्यायची गरज पडली नाही. दुपारच्या सुमारास चिपळूण, स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून गुहागरची बस. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, अशा थोडक्या खर्चाच्या प्रवासात तेवढी सवलतही जाणवते. दिवेलागणीच्या आधी दोघं गुहागरात होती. जाणं-येणं सगळं मिळून पंधराशेच्या आत झालं.

आणि पहिल्याच रात्री चूक कळली.

त्याने खोली घरगुती पाहिली होती. जेवणाची सोय घरातच, रात्रीचे हजार रुपये, फोटोत जुनं कौलारू घर, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळी. सगळं खरं होतं. पण खोली मुख्य घरातच होती आणि तिचं दार पडवीत उघडायचं. पडवीत झोपाळा, झोपाळ्यावर मालक. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की ‘कुठे निघालात?’ आणि आत शिरलं की ‘लवकर आलात!’ रात्री दिवा मालवल्यावर शेजारच्या खोलीतला खोकला अगदी उशाशी ऐकू येऊ लागला. जुन्या कौलारू घरांत आतल्या भिंती बहुधा छपराला भिडलेल्या नसतात. वारा खेळावा म्हणून वर मोकळं ठेवलेलं असतं, आणि वाऱ्याबरोबर शब्दही या खोलीतून त्या खोलीत जातात. सकाळी पावणेसातला दारावर थाप पडली, ‘‘चहा झालाय हो!’’ मालकीणकाकू फार चांगल्या होत्या, असं सून मला म्हणाली. घावन करून घातले, निघताना हातावर नारळ ठेवला. पण दोघं तिथेही कुजबुजतच होती. पावणेतीनशे किलोमीटर येऊन पुन्हा डोंबिवलीतच.

पुतण्याने त्यांना सरळ सांगितलं, ‘‘काकू, आम्हाला जरा वेगळी खोली हवीय.’’ त्या हसल्या आणि त्यांनीच पलीकडच्या पाखाडीतलं एक घर दाखवलं. तिथे घराच्या मागे, वाडीच्या टोकाला मुलाने दोन पक्क्या खोल्या बांधल्या होत्या. दोन्हींमध्ये विटांची भिंत, वर स्लॅब, स्वतःचं न्हाणीघर, दाराला आतून कडी आणि पुढे दोन खुर्च्या मावतील एवढा ओटा. दुसरी खोली शुक्रवारपर्यंत रिकामी. रात्रीचे पंधराशे. पाचशे रुपयांच्या फरकात सहलीचा सगळा अर्थ बदलला.

म्हणून कोकणातली घरगुती सोय स्वस्त आणि चांगली असली तरी तिच्यात मूळचाच एक दोष आहे, ती सोय म्हणजे दुसऱ्याचं एकत्र कुटुंब. यावर उपाय फोनवर पाच मिनिटं बोलण्याचा. खोलीचं दार कुठे उघडतं, घरात की बाहेर? दोन खोल्यांमधली भिंत पक्की आहे का, छपरापर्यंत गेलीय का, की प्लायवूडचा आडोसा आहे? न्हाणीघर आतच आहे का? शेजारची खोली त्या दिवशी दिलेली आहे का, आणि कुणाला? जेवण ठरल्या वेळी टेबलाशी, की सांगू तेव्हा? फोटोत यातलं काहीच दिसत नाही, फोटोत समुद्र दिसतो. मालक उत्तर द्यायला आढेवेढे घेऊ लागला तर दुसरीकडे विचारावं. आणि पहिल्या रात्रीचेच पैसे आगाऊ द्यावेत, सगळे नाहीत. पुतण्याने एकाच रात्रीचे दिले होते म्हणून दुसऱ्या सकाळी त्याला मोकळेपणी निघता आलं.

ओळखपत्रांचाही प्रश्न असतो. सुनेच्या आधार कार्डावर माहेरचं नाव आणि माहेरचाच पत्ता. घरगुती ठिकाणी कुणी विचारलं नाही, पण लॉजवर काउंटरमागचा माणूस दोन वेगळी आडनावं बघून दोघांकडे ज्या नजरेने बघतो, त्याने दिवस खराब होतो. लग्न झालेलं असलंच पाहिजे अशी अट कुठल्याही कायद्यात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच म्हटलं की अविवाहित जोडप्याने हॉटेलात एकत्र राहणं हा गुन्हा नाही. पण लॉजच्या काउंटरवर रात्री निकालपत्र वाचून दाखवता येत नाही. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांत करायचीच असते, ती निघण्याआधी उरकून दाखल्याची प्रत पिशवीत ठेवावी. काही ठिकाणी त्याच शहराचा पत्ता असलेल्यांना खोली देत नाहीत. जवळच जाणार असाल तर तेही आधी विचारून घ्यावं.

आता तीन रात्री का पुरत नाहीत ते सांगते. मंगळवारी खोली बदलल्यावर दोघं झोपली. दुपारी झोपली, संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या बनात थोडं फिरून आली आणि पुन्हा झोपली. सून म्हणाली, ‘‘काकू, मला वाटलं हे काहीतरी चुकतंय.’’ चुकत नव्हतं. पहाटे पाचला उठून नऊ माणसांच्या घरात वावरणाऱ्या आणि वर लोकलने नोकरीला जाणाऱ्या बाईला पहिली मोकळी दुपार मिळाली की आधी झोपच येणार. बुधवारी झोप पुरी झाली, आणि मग गप्पाच सुचेनात. ओट्यावर खुर्च्या टाकून दोघं बसली. मध्ये दहा-दहा मिनिटं शांतता. घरी ती शांतता कुणीतरी येऊन भरायचं, इथे कुणी आलं नाही. ठरवून झालेल्या लग्नात हा दिवस येतोच, आणि दोन रात्रींची सहल असली तर नेमकी त्या दिवशी परतीची बस असते. ‘आपल्याला बोलायला काहीच नाही’ अशी भीती घेऊन माणसं घरी येतात.

बुधवारी संध्याकाळी भांडण झालं. तिच्या पगारातले किती घरात द्यायचे, यावरून. ती मोठ्याने बोलली, तोही. पोफळींपलीकडे ऐकू गेलं असेल तर असो, तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. ती एकटीच किनाऱ्यावर जाऊन बसली, तो अर्ध्या तासाने गेला. गुहागरचा किनारा लांबच लांब आहे आणि त्या दिवसांत अंधार पडता पडता तिथे चिटपाखरू नसतं. काय ठरलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच कळलं की गुरुवारी दोघं दिवसभर बोलत होती.

गुरुवारीच त्यांनी रिक्षा करून वेळणेश्वर आणि हेदवी केलं. चार दिवसांत पाहिलेलं तेवढंच. हेदवीला समुद्रकाठच्या खडकात बामणघळ आहे, अरुंद भेग. भरतीच्या वेळी लाट आत घुसून उंच उसळते, ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. रिक्षावाल्याने भरतीची वेळ बघून नेलं. रिक्षाचे पंधराशे झाले. पाण्यात मात्र पोहायला शिरली नाहीत. अनोळखी किनाऱ्यावर, आसपास कुणी नसताना, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि एकांत म्हणजे मदतीलाही कुणी नसणं, हे विसरू नये.

फोनचं त्यांनी निघण्याआधीच ठरवलं होतं. रात्री आठला एक फोन, दोघांनी मिळून, दोन्ही घरी. दिवसा आला तर उचलायचा नाही, अगदी तातडीचं असेल तर निरोप टाका, असं घरी सांगून ठेवलेलं. फोटो एकही पाठवायचा नाही, कारण एक पाठवला की दहा मागतात आणि मग दिवस फोटो काढण्यात जातो. मंगळवारी जावेचा दुपारी दोनदा फोन आला. बुधवारी एकदा. गुरुवारी आला नाही.

खर्चाचा हिशेब त्याने मला वहीत दाखवला. खोलीचे पाच हजार पाचशे, एक रात्र हजार आणि तीन पंधराशेच्या. जेवणखाण चार हजार. प्रवास पंधराशे, रिक्षा पंधराशे. घरच्यांसाठी कोकम, आगळ, कुळथाचं पीठ असं सातशेचं. एकूण तेरा हजार दोनशे. पंधरांतले अठराशे उरले.

या चार दिवसांनी काय होत नाही, तेही सांगायला हवं. नवरा दारू पिऊन हात उगारत असेल, किंवा मुलीच्या मनाविरुद्धच लग्न झालं असेल, तर एकांत ही तिच्यासाठी धोक्याची जागा आहे. तिने अनोळखी गावी एकटीने त्याच्याबरोबर जाऊ नये. आणि घरात रोज श्वास घ्यायलाही जागा नसेल तर वर्षातून एकदा गुहागरला जाऊन ती जागा तयार होत नाही. परतल्यावर घरात काही बदललं नाही, तर पंधरा दिवसांत पुन्हा कुजबुज सुरू होते.

शुक्रवारी रात्री दोघं घरी आली. शनिवारी सकाळी पुतण्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पितळी कडी घेऊन आला. ती बसवताना होणारी ठोकठोक घरभर ऐकू जात होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. कडी बसल्यावर सासूबाईंनी काठी टेकत त्या खोलीत येऊन कपाटाकडे पाहिलं आणि दोन्ही दिरांना हाक मारली. ते कपाट रिकामं करायलाच दुपार गेली. संध्याकाळी ते दोन्ही घरांच्या मधल्या बोळात, पाडलेल्या भिंतीच्या जागी उभं राहिलं. तिथे ते जरा अंगावर येतं, येता-जाता खांदा लागतो. अजून तिथेच आहे.